हातमागाच्या सुती कुर्त्याचं वर्णन: हाताला जे कळतं ते शब्दांत कसं आणायचं

प्रश्न: मी नाशिकहून हातमागाचे सुती कुर्ते ऑनलाइन विकते. वर्णनात ‘मऊ, आरामदायी, पारंपरिक, कोणत्याही प्रसंगाला शोभणारा’ असं लिहिते. फोटो चांगले आहेत, ऑर्डरही येतात, पण बरेच कुर्ते परत येतात. ‘कापड खरखरीत आहे’, ‘धाग्यात गाठी आहेत’, ‘गळा खोल आहे’, ‘धुतल्यावर आखूड झाला’, अशी कारणं असतात. पोत, कट, गळा आणि प्रसंग नेमका कसा लिहू? आत्ता हातात मोहरी रंगाचा सरळ कुर्ता आहे: उंची 44, छाती 40, गोल गळा, पाऊण बाही.

उत्तर:

ताई, मेन रोडवरच्या दुकानात कुर्ता बघणारी बाई काय करते ते आठवा. आधी कापड अंगठा आणि बोटात धरून चोळते. मग दाराच्या उजेडात धरते, खांद्याला लावून उंची बघते, गळ्यापाशी हात नेते आणि शेवटी विचारते, ‘धुतल्यावर आटेल का हो?’ ऑनलाइन घेणारीला यातलं काहीच करता येत नाही. तिच्या हाताचं आणि डोळ्याचं काम तुमच्या वर्णनाने करायचं असतं. तुमच्या चारही तक्रारी तिथूनच आल्या आहेत. कुर्ता वाईट आहे असं कुणी म्हणत नाही, सांगितला तसा तो निघाला नाही एवढंच म्हणतात.

त्यामुळे आधी शब्द शोधू नका. मोजपट्टी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक बादली पाणी घ्या. त्या मोहरी कुर्त्यांतला एक नमुना म्हणून बाजूला काढा. तो विकायचा नाही, त्याच्यावर सगळं तपासून बघायचं. एका कुर्त्याचा खर्च होईल, पण परती टळल्या की तो भरून निघतो. पुढचे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. तुमचे मोजून येतील तेच लिहा, कारण ते सूत, वीण आणि विणकराची खळ यांवर अवलंबून असतात.

पोतापासून सुरुवात करू, कारण निम्मी भांडणं तिथलीच आहेत. हातमागावर ताणा चढवण्याआधी त्या उभ्या धाग्याला खळ देतात. फणी आणि धोटा सारखे घासत असतात, खळ नसली तर धागा केसाळून तुटतो. ही खळ कापडात तशीच राहते. म्हणून नवं कापड हाताला कडक आणि थोडं खरखरीत लागतं, आणि दोन-तीन धुण्यांत खळ निघाली की तेच कापड मऊ पडतं. तुम्ही ‘मऊ’ लिहिता ते तिसऱ्या धुण्यानंतरचं खरं असतं. गिऱ्हाईक पाकीट उघडतं ते पहिल्या दिवशी.

तुमच्या कापडात खळ आहे का, हे घरी कळतं. कोऱ्या कपड्याच्या चिंधीवर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. थेंब निळा-काळा पडला तर स्टार्चची खळ आहे, पिवळट-तपकिरी राहिला तर ती नाही किंवा धुऊन गेली आहे. मोहरीसारख्या रंगावर थेंबाचा रंग फसवू शकतो, म्हणून याच कापडाचा फिकट रंगातला तुकडा मिळाला तर त्यावर करा. हे एकदा कळलं की वाक्य आपोआप सुचतं: ‘नवा असताना कापड हाताला कडक आणि दाणेदार लागेल. ही विणताना दिलेली खळ आहे, दोन-तीन धुण्यांत निघते आणि कापड मऊ होतं.’ यात ‘लागेल’ हा शब्द महत्त्वाचा. आधीच सांगितलं की तक्रारीचं कारणच उरत नाही.

आता गाठी. गिऱ्हाईक ज्याला ‘गाठ’ म्हणतं त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि वर्णनात त्या वेगळ्या केल्याच पाहिजेत. पहिली, सूत कातताना मध्येच जाड आलेला धागा. कापडावर तो बोटभर लांबीची फुगीर रेघ दिसतो. दुसरी, धागा तुटल्यावर विणकराने मारलेली खरी गाठ. ती उलट्या बाजूला बारीक टाचणीच्या डोक्याएवढी लागते. या दोन्ही कापडाच्या स्वभावातल्या आहेत, सांगून टाकायच्या. तिसरी गोष्ट म्हणजे सुटलेला धागा: वीण चुकते आणि धागा कापडाच्या वर मोकळा तरंगतो, नखाला किंवा बांगडीला अडकतो. हा दोष आहे. छातीवर किंवा गळ्यापाशी असा धागा असेल तर तो कुर्ता वेगळा काढा किंवा ‘दोष असलेला’ म्हणून कमी भावात द्या. ‘हातमागाचं सौंदर्य’ म्हणून तो खपवायला गेलात तर पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या वाक्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि इथे एक चूक फार होते. जाड-बारीक धागा हा हातमागाचा पुरावा म्हणून लिहितात. तो पुरावा नाही. गिरणीतही असं सूत मुद्दाम काढतात आणि यंत्रमागावर त्याचं कापड निघतं. उलट कसबी विणकराचं हातमागाचं कापड अगदी एकसारखं असू शकतं. म्हणून पोताचं वर्णन पोत म्हणून करा. हातमाग असल्याचं वेगळं सांगा आणि कापड कुठून आलं ते लिहा. हे नाशिकच्या विक्रेत्यांना विशेष सांगावंसं वाटतं, कारण आपल्या जिल्ह्यात येवला हातमागासाठी प्रसिद्ध आहे आणि मालेगाव यंत्रमागासाठी. येवल्याची ओळख रेशमी पैठणीची आहे. महेश्वर किंवा मंगलगिरीहून आणलेल्या सुती कापडाला नुसतं ‘नाशिकचं हातमाग’ म्हटलं तर वाचणारीची समजूत चुकते. ‘कापड अमुक गावी विणलेलं, शिलाई नाशिकची’ हे वाक्य जास्त भारदस्त वाटतं, आणि ते खरंही असतं.

‘खादी’ हा शब्दही असाच जपून वापरायचा. खादी म्हणजे हाताने कातलेलं सूत आणि हातमागावरची वीण, दोन्ही हवं. सूत गिरणीचं आणि विणकाम हातमागावरचं असेल तर ते हातमागाचं कापड झालं, खादी नव्हे. शिवाय 2013 च्या नियमांनंतर खादी म्हणून विकायला खादी मार्कचं प्रमाणपत्र लागतं. हँडलूम मार्क 2006 पासून आहे, तो वेगळा. ज्याची नोंदणी तुमच्याकडे किंवा तुमच्या पुरवठादाराकडे नाही, ते चिन्ह वर्णनात घालू नका.

पोतातला शेवटचा भाग म्हणजे जाडी. ‘पातळ’ आणि ‘जाड’ हे शब्द प्रत्येकीला वेगळे वाटतात, म्हणून वजन द्या. काटा घ्या आणि एक मीटर उरलेलं कापड घडी करून ठेवा. समजा पन्हा 44 इंच आहे, म्हणजे 1.12 मीटर, आणि वजन भरलं 146 ग्रॅम. 146 ला 1.12 ने भागलं की साधारण 130 येतात. हे झालं एका चौरस मीटरचं वजन, ज्याला बाजारात 130 जीएसएम म्हणतात. माझा ठोकताळा असा: शंभरच्या खाली उजेडात आरपार दिसण्याची शक्यता जास्त, 120 ते 150 रोजच्या कुर्त्याला बरं, 180 च्या वर गेलं की मे महिन्यात नको वाटतं. पण आकड्याला एक साधी परीक्षा जोडा. खिडकीपाशी कापडाच्या मागे हात धरा. बोटं वेगवेगळी मोजता येतात का? मोहरी रंगात 130 ला बहुधा नुसती सावली दिसते, पांढऱ्यात तेवढ्याच वजनाला बोटं दिसू शकतात. म्हणून रंगागणिक ही परीक्षा वेगळी करा आणि निकाल लिहा: ‘आत अस्तर नाही. उजेडात हाताची सावली दिसते, बोटं दिसत नाहीत.’ बाई वाचते आणि आत स्लिप घालायची की नाही ते ठरवते.

आता कट. ‘सरळ कट’ एवढ्याने काही कळत नाही, कारण सरळ कुर्ता अंगावर कसा पडेल हे कापड ठरवतं. खळीचं कडक कापड अंगापासून थोडं सुटून राहतं, रेयॉनसारखं अंगाला चिकटून खाली ओघळत नाही. फोटोत तुम्ही धुतलेला कुर्ता घातलात आणि पाठवलात कोरा, तर दोघांचं पडणं वेगळं दिसणार. एक वाक्य पुरतं: ‘कुर्ता अंगाला चिकटत नाही, खांद्यापासून सरळ उभा पडतो.’

माप देताना कपड्याचं आणि अंगाचं यांत घोळ ठेवू नका. छाती 40 म्हणजे तयार कुर्त्याची असेल तर तसं लिहा. विणलेलं कापड ताणत नाही, म्हणून अंगाच्या मापावर चार इंच सैलपणा ठेवला तर 36 छातीच्या बाईला हा कुर्ता बसतो. ‘मध्यम’ या शब्दापेक्षा ‘अंगाची छाती 36 असेल तर’ हे वाक्य जास्त उपयोगी पडतं. सीटचं माप हमखास विसरलं जातं, पण सरळ कटात कुर्ता अडतो तो तिथेच.

त्याला जोडूनच बाजूचा कट येतो. 44 इंची कुर्त्यात तो खालून 22 इंच ठेवला तर खांद्यापासून 22 इंचांवर, म्हणजे सीटच्या आसपास सुरू होतो. खालून फक्त 14-15 इंच ठेवला तर तो मांडीवर सुरू होतो आणि आरतीला, पंगतीला, हळदी-कुंकवाला मांडी घालून बसताना कुर्ता वर ओढला जातो आणि कटाच्या टोकाशी शिवण उसवते. हातमागाच्या विरळ विणीत तर शिवणीजवळचे धागे सरकतातही. म्हणून कट कुठे सुरू होतो आणि त्या टोकाला आडवा टाका किंवा पट्टी मारली आहे का, हे लिहा. मांडी घालून बसलेला एक फोटो दिलात तर फारच छान.

मग आटण्याचा प्रश्न. न धुतलेल्या कापडाच्या तुकड्यावर पेनाने 50 सेंटिमीटरचा चौकोन आखा, उभा-आडवा कुठला ते लिहून ठेवा. नेहमीसारखं धुवा, वाळवा, इस्त्री करून पुन्हा मोजा. समजा उभ्यात 48 आणि आडव्यात 49 भरले. म्हणजे उंचीला 4 टक्के आणि रुंदीला 2 टक्के. कुर्त्याची उंची सहसा ताण्याच्या दिशेने कापतात, म्हणून 44 मधून पावणेदोन इंच जातात, उरतात सव्वाबेचाळीस. छातीची 40 जाऊन 39 च्या थोडी वर राहते, म्हणजे चार इंचांचा सैलपणा सव्वातीनवर येतो. तुमची ‘आखूड झाला’ ही तक्रार या पावणेदोन इंचांची आहे. पुढच्या मालाला कापड बेतण्याआधी धुऊन घ्या. एकदा धुऊन कापड पूर्ण आटतंच असं नाही, पण मोठा भाग निघून जातो. जो माल शिवून झालाय त्याला दोन्ही आकडे द्या: कोरा 44, धुतल्यावर सुमारे 42.

गळ्याकडे येऊ. ‘गोल गळा’ ही नुसती आकाराची माहिती झाली. बाईला हव्या असतात तीन गोष्टी: पुढे किती खोल, रुंदीला किती, आणि वाकल्यावर काय. मोजायची पद्धत अशी: कुर्ता टेबलावर सपाट पसरा, दोन्ही खांद्यांच्या शिवणी जिथे गळ्याला मिळतात तिथे एक पट्टी आडवी ठेवा आणि त्या पट्टीपासून खाली गळ्याच्या तळापर्यंत मोजा. समजा साडेसहा इंच भरले. मध्यम उंचीच्या बाईला हे माप गळ्याच्या खाचेखाली साधारण चार बोटांवर येतं. छोटं मंगळसूत्र वर दिसतं, लांब मंगळसूत्राची वाटी कुर्त्याच्या आत किंवा वर जाईल. इतकं लिहिलं की ओढणी लागेल का, हे तिचं तिला कळतं. उंची कमी असलेल्या बाईला तोच गळा जास्त खाली जातो, तेही मोकळेपणाने सांगा. रुंदीचं माप साडेसात इंचांच्या पुढे असेल तर आतला पट्टा डोकावण्याची शक्यता असते. फोटोतल्या बाईचे खांदे रुंद असतील तर ते तिथे दिसत नाही आणि घेणारीकडे दिसतं.

पण ‘गळा खोल’ या तक्रारीत आणखी एक गोष्ट दडलेली असू शकते. गोल गळा कापताना कात्री धाग्यांच्या तिरकस दिशेने जाते, शिंपी त्याला उरेब म्हणतात. उरेब कड सहज ताणते, आणि हातमागाच्या मोकळ्या विणीत आणखीच. कुर्ता आठ दिवस हँगरला टांगून ठेवलात किंवा गळ्याला आतली पट्टी नीट नसली तर साडेसहाचा गळा सात होतो आणि समोर पोकळी पडते. ओळखायचं कसं? कापायच्या वेळचं माप शिंप्याला विचारा आणि धुतलेल्या नमुन्यावर पुन्हा मोजा. अर्ध्या इंचाचा फरक असेल तर दोष वर्णनात नाही, शिलाईत आहे. गळा कापल्याबरोबर कडेपासून थोडं आत मशीनची एक साधी शिलाई मारून घेतली आणि आतून त्याच कापडाची दीड इंची पट्टी लावली तर कड धरून राहते. मग तुम्हाला लिहिता येतं, ‘गळ्याला आतून त्याच कापडाची पट्टी आहे, धुतल्यावर गळा सैल पडत नाही.’ नमुन्यावर हे खरं ठरल्याशिवाय मात्र लिहू नका.

प्रसंगावर मी कमी लिहितो, कारण प्रसंग हा वर सांगितलेल्या गोष्टींतून निघतो. ‘कोणत्याही प्रसंगाला’ असं म्हटलं की एकाही प्रसंगाचं चित्र उभं राहत नाही. दोन प्रसंग निवडा, का ते सांगा आणि एक ठिकाण नाकारा. 130 वजनाचा, हवा खेळणारा, अंगापासून सुटून राहणारा कुर्ता नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये दिवसभराच्या ऑफिसला चांगला. मोहरी रंग आणि साधा गळा असला की गुढीपाडव्याच्या सकाळी ओढणी आणि कानातल्यांवर तो सणाचा होतो. मात्र सुती कापडाला बसल्याजागी चुण्या पडतात. स्कूटरवरून ऑफिसला पोहोचेपर्यंत मांडीवर रेघा उमटलेल्या असतात. संध्याकाळच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला कडक इस्त्री टिकेल अशी अपेक्षा असणारीने हा घेऊ नये, असं सरळ लिहा. संक्रांतीला काळा लागतो, त्याचं वर्णन वेगळं. रंगपंचमीचा तर विषयच नको, ‘नाशिकच्या रहाडीसाठी’ असं गंमत म्हणूनसुद्धा लिहू नका, कुणीतरी खरं मानून घेतं. लग्नाच्या हळदीसाठी मोहरी रंग सुचवायचा मोह होईल. सुचवा, पण हळदीचा डाग साबणाच्या पाण्यात लाल पडतो हे ठाऊक ठेवून.

हे सगळं जोडून तुमच्या मोहरी कुर्त्याचं वर्णन असं होईल. सीटचं माप आणि कापड विणलेलं गाव यात नाही, ते तुमचं तुम्ही घाला. फोनवर आधी दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून तिथे पोत आणि कट ठेवला आहे, ‘सादर करत आहोत’ वगैरे नाही.

*मोहरी रंगाचा हातमागाचा सुती कुर्ता. सरळ कट, गोल गळा, पाऊण बाही. नवा असताना हाताला कडक आणि दाणेदार लागतो. ही विणताना दिलेली खळ आहे, दोन-तीन धुण्यांत निघून कापड मऊ होतं.*

*कापडात मधूनमधून जाडसर धागा दिसेल आणि उलट्या बाजूला बारीक गाठी लागतील. हा विणीचा भाग आहे. सुटलेला धागा, भोक किंवा डाग निघाला तर कुर्ता बदलून देऊ. वजन सुमारे 130 जीएसएम, अस्तर नाही. उजेडात हाताची सावली दिसते, बोटं दिसत नाहीत.*

*अंगाची छाती 36 असेल त्यांच्यासाठी. तयार कुर्त्याची छाती 40 इंच, धुतल्यावर सुमारे 39. उंची 44, धुतल्यावर सुमारे 42. बाजूचा कट खालून 22 इंच, टोकाला आडवा टाका आहे. मांडी घालून बसताना कुर्ता ओढला जात नाही.*

*गळा पुढे साडेसहा इंच खोल, गळ्याच्या खाचेखाली साधारण चार बोटं. उंची कमी असल्यास थोडा आणखी खाली येईल. आतून त्याच कापडाची पट्टी आहे.*

*उन्हाळ्यात दिवसभर ऑफिसला, आणि ओढणी घेऊन पाडव्याच्या सकाळीही. बसल्यावर चुण्या पडतात. पहिली दोन धुणी वेगळी, साध्या पाण्यात. सावलीत वाळवा.*

मजकुरासोबत चार फोटो पुरतात: कुर्ता घातलेला, मांडी घालून बसलेला, गळ्याजवळचा, आणि कापडावर रुपयाचं नाणं ठेवून अगदी जवळून काढलेला. नाण्यामुळे जाड धागा केवढा ते डोळ्याला कळतं. तो फोटो खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात काढा, समोरून फ्लॅश मारला की पोत सपाट होतो.

हा मजकूर एका ताग्यापुरता आहे. त्याच विणकराकडून त्याच रंगाचा पुढचा तागा आला तरी खळ, वजन आणि आटणं बदलू शकतं, म्हणून काटा आणि 50 सेंटिमीटरचा चौकोन प्रत्येक ताग्याला पुन्हा. मोहरी संपून निळीचा तागा आला तर पहिल्या धुण्याला रंग किती सुटतो ते पांढऱ्या फडक्यावर घासून बघा आणि तेही वर्णनात घाला.